‘त्याने ती त्यांना परत करावी’: ऊसतोडीच्या करारातली सर्वनामं कशी तपासायची

चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग या पट्ट्यात ऊसतोडीचे करार अजूनही मोठ्या प्रमाणात मराठीत लिहिले जातात. वाहतूकदार इथला आणि मजुरांची टोळी आणणारा मुकादम बीडकडचा किंवा सांगली-सोलापूरकडचा असेल, तर दोघांना सहज वाचता येणारी भाषा मराठीच असते. करार नोटरीसमोर होतो, कागद कर्नाटकच्या स्टँपचा असतो आणि पुढे वाद झाला तर तो कन्नड किंवा इंग्रजी भाषांतरासह न्यायालयात जातो. वडिलांचा ट्रॅक्टरचा धंदा आता हातात घेणारी मुलं, वकिलाकडे नव्याने कामाला लागलेले कारकून आणि गावात ‘जरा लिहून दे’ म्हणून ज्यांच्याकडे कागद येतो ते शिकलेले तरुण यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. करारात चार-पाच जण असले की तो, ती, ते, त्यांनी, सदर, संबंधित हे शब्द नक्की कोणाकडे बोट दाखवतात ते कसं तपासायचं आणि कसं दुरुस्त करायचं, एवढाच विषय घेतो.

उदाहरण म्हणून एक कलम घेऊ. मी ते इथे रचलं आहे, पण या धाटणीची वाक्यं जुन्या नमुन्यांवरून उतरवलेल्या करारांत सर्रास दिसतात:

“कारखान्याने वाहतूकदारास दिलेली रक्कम त्यांनी मुकादमास उचल म्हणून दिली असून, टोळी ठरलेल्या तारखेस हजर न झाल्यास त्याने ती त्यांना परत करावी. तसे न केल्यास ती त्यांच्याकडून वसूल करण्यात येईल व त्याचा खर्च त्यांनी सोसावा.”

वाचताना काही अडत नाही. सही करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात व्यवहार ताजा असतो, त्यामुळे प्रत्येक जण सर्वनामाच्या जागी आपल्याला हवं ते नाव भरून पुढे जातो. अडचण हीच आहे की प्रत्येक जण वेगळं नाव भरतो, आणि ते टोळी न आल्यावरच कळतं.

पहिली पायरी: माणसं आणि वस्तू लिंगासह लिहून काढा

कलम वाचण्याआधी कोऱ्या कागदावर दोन रकाने करा. एकात करारातली माणसं आणि संस्था, दुसऱ्यात वस्तू आणि रकमा. प्रत्येकासमोर तो, ती किंवा ते लिहा.

आपल्या उदाहरणातल्या करारावर दोन जामीनदारांच्याही सह्या आहेत असं धरू. मग पहिल्या रकान्यात कारखाना, वाहतूकदार, मुकादम, जामीनदार क्रमांक १ आणि जामीनदार क्रमांक २ येतात. शिवाय टोळीतले मजूर. ते करारावर सही करत नाहीत, तरीही त्यांना या रकान्यात लिहायचंच. त्याचं कारण पुढे येईल. दुसऱ्या रकान्यात रक्कम, उचल, टोळी, पावती, मुदत येतात.

आता दुसरा रकाना वरून खाली वाचा. रक्कम ती, उचल ती, टोळी ती, पावती ती, मुदतही ती. पैशांच्या व्यवहारातली बरीच नामं मराठीत स्त्रीलिंगी आहेत, म्हणून एका वाक्यात यातली तीन आली की ‘ती’ या शब्दाने काहीच ठरत नाही. पहिल्या रकान्याचंही तेच होतं. तिथले सगळे ‘तो’, आणि आदराने लिहिलं की सगळे ‘ते’.

दुसरी पायरी: बोट दाखवणारा प्रत्येक शब्द अधोरेखित करा

नवखा माणूस फक्त तो-ती-ते शोधतो. तेवढं पुरत नाही. ‘सदर’, ‘सदरहू’, ‘वरील’, ‘उपरोक्त’, ‘संबंधित’, ‘तसे’, ‘तशी’, ‘अशा’ हेही मागच्या कशाकडे तरी बोट दाखवतात, म्हणून त्यांच्याखालीही रेघ हवी. ‘संबंधित पक्षाने’ हा यातला सर्वांत फसवा प्रयोग आहे, कारण कलमात नाव असलेला प्रत्येक जण संबंधितच असतो.

‘आपला’ या शब्दाकडे वेगळं लक्ष द्या. साध्या वाक्यात तो कर्त्याचा असतो. ‘मुकादमाने आपला हिशेब सादर करावा’ यात हिशेब मुकादमाचाच. पण एका क्रियापदाच्या पोटात दुसरं आलं की गोंधळ होतो. ‘वाहतूकदाराने मुकादमास आपल्या खर्चाने टोळी आणण्यास सांगावे’ हे वाक्य घ्या. सांगणारा वाहतूकदार आहे आणि आणणारा मुकादम. मग खर्च कोणाचा? दोन्ही अर्थ मराठीत चालतात. बीडहून चिकोडीपर्यंत टोळी बैलगाड्या, भांडी, पोराबाळांसह आणायची म्हणजे गाडीभाडं बरंच होतं, आणि त्या भाड्याचा सगळा भार या एका शब्दावर येऊन पडतो.

रेघ मारता येणार नाही अशाही काही जागा असतात. ‘वसूल करण्यात येईल’ यात वसूल करणारा कोण ते लिहिलेलंच नाही. सरकारी पत्रांमुळे ही रचना आपल्या हातात बसली आहे. अशा ठिकाणी समासात प्रश्नचिन्ह काढा.

आपल्या कलमात आता या खुणा झाल्या: त्यांनी, त्याने, ती, त्यांना, तसे, ती, त्यांच्याकडून, त्याचा, त्यांनी आणि ‘करण्यात येईल’समोर एक प्रश्नचिन्ह. दोन वाक्यांत दहा.

तिसरी पायरी: प्रत्येक खुणेच्या जागी एकेक नाव घालून वाचा

खरं काम इथे आहे. घाई करू नका. यादीतलं प्रत्येक नाव सर्वनामाच्या जागी घालून वाक्य पुन्हा वाचायचं. वाक्य निरर्थक झालं तर ते नाव खोडायचं. दोन किंवा जास्त नावं उरली तर ती जागा धोक्याची.

‘त्यांनी मुकादमास उचल म्हणून दिली’ यापासून सुरू करू. देणारा वाहतूकदार असावा असं वाटतं. पण काही ठिकाणी कारखानाच वाहतूकदाराच्या नावे रक्कम लिहून थेट मुकादमाला देतो. त्यामुळे कारखानाही खोडता येत नाही. दोन नावं उरली.

‘त्याने ती त्यांना परत करावी.’ आधी वाहतूकदाराला ‘त्यांनी’ म्हटलं आहे, म्हणून ‘त्याने’ म्हणजे मुकादम, असं कोणी म्हणेल. हा तर्क आदराच्या वापरावर उभा आहे. तीच ओळ पुढे मुकादमालाही ‘त्यांनी’ म्हणत असेल तर तर्क कोसळतो. ‘ती’च्या जागी टोळी घालून पाहिली तर वाक्य बसत नाही, ती खोडा. रक्कम आणि उचल उरतात. दोन्ही एकच ना? नेहमी नाही. समजा कारखान्याने वाहतूकदाराला ७ लाख रुपये दिले आणि त्यातले ५ लाख मुकादमाला उचल म्हणून गेले. आता ‘ती’ म्हणजे ७ की ५? वरचे २ लाख वाहतूकदाराने ट्रॅक्टरच्या दुरुस्तीला वापरले असतील, पण कलमाच्या एका वाचनाप्रमाणे ते मुकादमाकडून परत मागता येतात. ‘त्यांना’ म्हणजे पैसे परत कोणाला द्यायचे, तर वाहतूकदार किंवा कारखाना. मुकादमाने वाहतूकदाराला पैसे परत केले आणि कारखान्याने पुन्हा मागितले, तर त्याच्या हातातला कागद त्याला वाचवत नाही.

‘तसे न केल्यास’ हे कशाबद्दल आहे? पैसे परत न केल्यास की टोळी हजर न केल्यास? पहिला अर्थ घेतला तर आधी मुकादमाला संधी मिळते. दुसरा घेतला तर टोळी न आलेल्या दिवसापासूनच वसुली सुरू.

‘त्यांच्याकडून वसूल करण्यात येईल’ या जागी माझी पेन्सिल सर्वांत जास्त वेळ थांबते. मुकादम (आदराने), दोन्ही जामीनदार, मुकादम आणि जामीनदार मिळून, आणि टोळीतले मजूर, अशी चार उत्तरं वाक्यात बसतात. लगेच मागे ‘टोळी’ हा शब्द आहे आणि टोळी म्हणजे माणसंच, म्हणून मजुरांचा अर्थ ओढूनताणून आणलेलाही वाटत नाही. ज्यांनी सही केली नाही, ज्यांना कागद कोणी वाचून दाखवला नाही, त्या नवरा-बायकोच्या जोड्यांवर उचलीचं ओझं एका ‘त्यांच्याकडून’ने टाकता येतं. पैशांच्या बदल्यात माणसाला कामाला बांधून ठेवणारा करार वेठबिगार पद्धत निर्मूलन अधिनियम, १९७६ नुसार मुळातच रद्द ठरतो. तरीही फडावर दमदाटी होते तेव्हा मजुरांपुढे हाच कागद नाचवला जातो. पहिल्या रकान्यात मजुरांना लिहायला सांगितलं ते यासाठी.

‘त्यांनी’ एकाला की दोघांना?

मराठीत आदराचं ‘त्यांनी’ आणि अनेकांचं ‘त्यांनी’ एकच आहे. जामीनदार दोन असले की हा प्रश्न हमखास येतो. ‘जामीनदारांनी रक्कम भरावी, ती त्यांची जबाबदारी राहील’ असं लिहिलं तर एकाकडून सगळी रक्कम मागता येते की प्रत्येकाकडून निम्मी?

कायद्याने याचं एक ठरलेलं उत्तर दिलं आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ प्रमाणे अनेकांनी मिळून वचन दिलं आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर त्यातल्या कोणाही एकाला पूर्ण वचन पाळायला लावता येतं. त्याने नंतर दुसऱ्यांकडून त्यांचा वाटा मागायचा. कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. याचा अर्थ असा की ‘माझी जबाबदारी निम्मीच’ असं समजून सही करणाऱ्या जामीनदाराने ते शब्दांत लिहून घेतलं नसेल, तर त्याची समजूत त्याच्यापाशीच राहते. म्हणून जामीनदार दोन असतील तिथे ‘त्यांनी’ कधीच लिहू नका. ‘प्रत्येक जामीनदार पूर्ण रकमेस जबाबदार राहील’ किंवा ‘प्रत्येक जामीनदार अर्ध्या रकमेसच जबाबदार राहील’ यांपैकी जे ठरलं असेल ते लिहा. आणि लिहिण्याआधी दोघांना समोर बसवून विचारा.

चौथी पायरी: नावं पक्की करून वाक्यं तोडा

कराराच्या सुरुवातीला प्रत्येक पक्षाला एक नाव द्या आणि शेवटपर्यंत तेच वापरा. ‘वाहतूकदार’ म्हटलं की पुढे त्यालाच ‘ठेकेदार’, ‘वाहनमालक’, ‘लिहून घेणार’ म्हणायचं नाही. शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हा वापरू नका असं शिकवतात. करारात तो धडा विसरायचा. तीच गोष्ट रकमेची. पाच लाखांना एकदा ‘उचल’ म्हटलं की पुढे ‘रक्कम’, ‘ॲडव्हान्स’, ‘सदर पैसे’ नको.

मग एका वाक्यात एकाने एकच गोष्ट करावी असं लिहा. समजा दहा कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या मजुरांच्या दहा जोड्या, ठरले आहेत आणि दर कोयत्यामागे ५०,००० रुपये उचल आहे. ही आकडेवारी उदाहरणापुरती. वरचं कलम असं होईल:

“१. कारखान्याने वाहतूकदारास ७,००,००० रुपये दिले आहेत. वाहतूकदाराने त्यांपैकी ५,००,००० रुपये मुकादमास दिले आहेत. या ५,००,००० रुपयांना या करारात ‘उचल’ म्हटले आहे.

२. मुकादमाने १ नोव्हेंबर २०२६ पर्यंत दहा कोयते वाहतूकदाराने लेखी कळविलेल्या गावी हजर करावेत.

३. दहापेक्षा कमी कोयते हजर झाल्यास मुकादमाने हजर न झालेल्या प्रत्येक कोयत्यामागे ५०,००० रुपये वाहतूकदारास १५ दिवसांत परत करावेत. वाहतूकदाराने मुकादमास पावती द्यावी.

४. मुकादमाने कलम ३ मधील रक्कम १५ दिवसांत परत न केल्यास वाहतूकदार कलम ३ मधील रक्कम जामीनदार क्रमांक १ कडून, जामीनदार क्रमांक २ कडून किंवा दोन्ही जामीनदारांकडून वसूल करू शकेल. प्रत्येक जामीनदार पूर्ण रकमेस जबाबदार राहील.

५. कलम ४ प्रमाणे वसुलीसाठी वाहतूकदारास आलेला न्यायालयीन खर्च मुकादमाने द्यावा. जामीनदार न्यायालयीन खर्चास जबाबदार नाहीत.

६. टोळीतील मजूर या कराराचे पक्षकार नाहीत. या करारातील कोणतीही रक्कम मजुरांकडून वसूल करता येणार नाही.”

कलम ६ च्या शेवटी माझ्या हातून सहज ‘त्यांच्याकडून’ आलं असतं. पण मागच्या वाक्यात मजूर आणि पक्षकार दोन्ही आहेत, म्हणून ‘मजुरांकडून’. उलट कलम १ मधलं ‘त्यांपैकी’ मी तसंच ठेवलं आहे, कारण तिथे सात लाखांशिवाय दुसरं काहीच बसत नाही. एकच नाव बसत असेल तर सर्वनाम ठेवायला हरकत नाही. ‘जो कोयता हजर होणार नाही त्याची उचल’ यातली ‘जो–तो’ची जोडीही सुरक्षित असते. सगळी सर्वनामं हटवली तर वाचणारा कंटाळून ओळी गाळतो, आणि ते वेगळंच संकट.

कलम ३ कडे परत पाहा. मूळ वाक्यात ‘टोळी हजर न झाल्यास’ एवढंच होतं. दहापैकी सहा कोयते आले तर काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. ‘ती’च्या जागी उचल घालून वाचताना ‘किती उचल?’ हा प्रश्न पडला आणि तेव्हा ती फट दिसली. असं बऱ्याचदा होतं. सर्वनाम धूसर असतं कारण त्यामागची गोष्ट ठरलेलीच नसते. लिहिणाऱ्याने अशा वेळी आपल्या मनाने नाव भरायचं नाही. लेखणी खाली ठेवून दोन्ही बाजूंना विचारायचं. सौदा त्यांचा आहे.

पाचवी पायरी: कन्नडमध्ये काय होईल ते पाहा

आपल्या भागात ही पायरी टाळता येत नाही. मराठी वस्तूंनाही तो-ती-ते करते. कन्नड वस्तूंना सरळ ‘अदु’ म्हणते आणि तो-तीचा भेद माणसांसाठी ठेवते. त्यामुळे दोन्ही दिशांनी अर्थ सरकतो. ‘पावती व करारनामा वाहतूकदाराकडे राहील, तो हंगामाअखेर परत करावा’ यात मराठीत ‘तो’ म्हणजे करारनामा, कारण पावती ‘ती’ आहे. कन्नडमध्ये दोन्ही ‘अदु’, आणि परत काय करायचं ते कळेनासं होतं.

उलटा धोका अधिक गंभीर. ‘मुकादमाचा ट्रॅक्टर वाहतूकदाराकडे राहील. उचल फिटेपर्यंत तो सोडू नये.’ मराठीत ट्रॅक्टरही ‘तो’ आणि मुकादमही ‘तो’. भाषांतरकाराला कन्नडमध्ये ‘अदु’ लिहायचं की माणसासाठीचं ‘अवनु’ किंवा ‘अवरु’, हे ठरवावंच लागतं. त्याने चुकून माणसाचं सर्वनाम निवडलं तर वाहन ताब्यात ठेवण्याच्या कलमाचं माणूस डांबून ठेवण्याचं कलम होतं. आदराचं आणि अनेकवचनाचं रूप मात्र कन्नडमध्येही ‘अवरु’ असं एकच आहे, म्हणून दोन जामीनदारांची अडचण तिथे सुटत नाही, जशीच्या तशी पुढे जाते.

उपाय तोच, मराठीतच नाव लिहा. आणि भाषांतर करून घेतलं असेल तर व्यवहार माहीत नसलेल्या, पण दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाला कन्नड कागद देऊन तीन प्रश्न विचारा: पैसे कोण देणार, कोणाला देणार, नाही दिले तर कोणाकडे जायचं? बेळगाव-निपाणीकडे असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. तो अडखळला की ती ओळ दुरुस्त करा. त्याला मदत म्हणून व्यवहार समजावून सांगू नका, नाहीतर तोही मनातलं नाव भरून वाचेल.

सही झाल्यावर चूक सापडली तर

न्यायालय अशा शब्दांचा अर्थ लावू शकतं. शब्द अनेकांपैकी एकालाच लागू करायचे होते हे दिसतं, पण कोणाला ते कळत नाही, अशा वेळी भोवतालच्या परिस्थितीचा पुरावा देता येतो. जुन्या पुरावा कायद्यातली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. पण पुरावा म्हणजे साक्षीदार. तो बीडहून तारखेला चिकोडीत आणायचा आणि तोवर हंगाम संपलेला असतो. अर्थ कसाच निश्चित होत नसेल तर करार अधिनियमाच्या कलम २९ खाली तो भाग रद्दच ठरण्याची शक्यता असते.

म्हणून वाद सुरू होण्याआधीच पुरवणी करार करा. जुन्या कागदावर खोडाखोड करू नका, ओळींच्या मध्ये नावं घुसवू नका. एका पक्षाने परस्पर केलेली दुरुस्ती हा नव्या भांडणाचा मुद्दा होतो. पुरवणीत मूळ कराराची तारीख लिहा, कोणत्या कलमातली कोणती ओळ बदलते ते पूर्ण उतरवा आणि तिच्या जागी येणारी नवी ओळ पूर्ण लिहा. ‘कलम ४ मधील त्यांच्याकडून म्हणजे जामीनदारांकडून असे समजावे’ एवढ्यावर भागवू नका, कारण त्याच कलमात ‘त्यांनी’ आणि ‘त्यांना’ही असतात. सह्या मूळ करारावरच्या सगळ्यांच्या घ्या. जामीनदारांच्या तर नक्कीच घ्या. करार अधिनियमाच्या कलम १३३ प्रमाणे जामीनदाराच्या संमतीशिवाय मूळ कर्जदार आणि धनको यांनी अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार सुटतो. दुरुस्तीचा कागद त्याच्या सहीशिवाय राहिला की तो हेच कलम पुढे करणार.